तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी: तांबं किती उतरतं, फायदा कशाचा आणि कुठं थांबायचं

प्रश्न: आम्ही साताऱ्यात राहतो. सासूबाई रोज रात्री तांब्याच्या जगमध्ये आरओचं पाणी भरून त्यात लिंबाच्या चकत्या टाकून ठेवतात आणि सकाळी उपाशीपोटी सगळ्यांना देतात, चार वर्षांच्या मुलालासुद्धा. थायरॉईड, वजन, सांधे सगळ्याला चांगलं असं म्हणतात. मला मात्र महिनाभर रोज सकाळी मळमळतंय. पोटात तांबं किती जातं, जास्त होतं का, आणि या सगळ्याला खरंच काही पुरावा आहे का?

उत्तर:

ताई, बाकी सगळं नंतर, आधी आज रात्रीपासून त्या जगमध्ये लिंबू टाकायचं बंद करा. साधं पाणी रात्रभर तांब्यात ठेवणं आणि लिंबाचं पाणी रात्रभर तांब्यात ठेवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत घाबरण्यासारखं जवळपास काही नाही, दुसरी मात्र कुणीच करू नये, मोठ्यांनीही नाही आणि चार वर्षांच्या पोरानं तर नाहीच. मी सांगलीत पाणी तपासायच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय, शिक्षणानं केमिस्ट आहे, त्यामुळं पाण्यात काय उतरतं आणि किती उतरतं हे मी नीट सांगू शकतो. मळमळीचं कारण नक्की करायचं काम मात्र तुमच्या डॉक्टरांचं आहे. लिंबू बंद करून चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर त्यांच्याकडं जा, कारण सकाळच्या मळमळीला अॅसिडिटी, औषधं, दिवस राहणं अशी बाकीचीही कारणं असतात आणि सगळा दोष जगवर टाकून मोकळं होणं बरं नाही.

आता लिंबाचं असं का ते सांगतो. आपल्याकडं जुन्या बायकांना हे चांगलं ठाऊक होतं, ताक किंवा चिंचेची आमटी बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कधी ठेवायची नाही, कळकतं म्हणून. कळकतं म्हणजे काय होतं, तर आंबट पदार्थातलं आम्ल भांड्याचा धातू विरघळवतं, पदार्थाला हिरवट झाक येते, चव तुरट आणि धातूसारखी होते आणि खाल्लं की उलट्या होतात. म्हणून तर आतून कथलाची कल्हई करून घ्यायचे. आता लिंबाचं पाणी म्हणजे तेच झालं की, फक्त पातळ. भांडी लख्ख करायला आपण लिंबू-मीठ किंवा चिंच घासतो तेव्हा काळपट थर निघून जातो ना, तो थर म्हणजे तांब्याचं ऑक्साइड, ते विरघळून लिंबाच्या रसात जातं म्हणूनच भांडं चमकतं. तुम्ही तीच प्रक्रिया आत आठ-दहा तास चालू ठेवताय आणि भांडं धुतलेलं पाणी टाकून द्यायच्या ऐवजी पिताय. अमेरिकेच्या अन्न खात्याचा हॉटेलांसाठीचा नियम आहे की ज्या पदार्थाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट, सहाच्या खाली आहे त्याचा उघड्या तांब्याशी संबंध येऊ द्यायचा नाही, आणि लिंबाच्या चकत्या टाकलेलं पाणी तर त्याच्या कितीतरी खाली जातं.

मळमळ कशी होते हेही समजून घ्या. यात तांबं अंगात साठून विषबाधा वगैरे लगेच होत नाही, रिकाम्या जठराच्या अस्तराला विरघळलेलं तांबं टोचतं आणि शरीर ते बाहेर फेकायला बघतं. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा, मोरचूद म्हणजे काय चीज आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, तेच फवारणीच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर वापरतात आणि ते चुकून पोटात गेलं तर पहिली गोष्ट होते ती उलटी. मिश्रणात मोकळं तांबं उरलंय का हे बघायला आपले शेतकरी लोखंडी विळा बुडवतात, विळ्यावर तांबूस थर धरला तर अजून चुना लागतो. आता कुणी म्हणेल मग जगमध्ये पण सुरी बुडवून बघू, तर ते चालणार नाही, कारण बोर्डोत जेवढं तांबं असतं त्याच्या हजार पटीनं कमी तांब्यावरसुद्धा माणसाला मळमळू शकतं. चिलीत सान्तियागोमध्ये १९९९ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, ६० बायकांना वेगवेगळ्या प्रमाणात तांबं घातलेलं पिण्याचं पाणी आळीपाळीनं प्यायला दिलं, शून्य, एक, तीन आणि पाच मिलिग्रॅम प्रति लिटर. एकला काही विशेष फरक नाही, पण तीन आणि पाचला मळमळ, पोटदुखी, उलट्या स्पष्ट वाढल्या. म्हणजे जिथनं त्रास सुरू होतो तो आकडा साधारण दोन ते तीनच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा दोन मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, त्यामागं असेच अभ्यास आहेत.

आता साध्या पाण्याकडं येऊ. इथं सगळ्यात कामाचा अभ्यास आपल्याच देशातला आहे, २०१२ साली प्रसिद्ध झालेला, बंगळुरूची आयुर्वेदावर काम करणारी संस्था आणि कोलकात्याची कॉलरा-अतिसाराच्या रोगांवरची राष्ट्रीय संस्था यांनी मिळून केलेला. त्यांनी पाण्यात मुद्दाम जुलाबाचे जंतू सोडले, कॉलरा, टायफॉईड, आमांशाचे शिगेला, ई. कोलाय असे, प्रत्येक मिलिलिटरला ५०० च्या आसपास, आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात खोलीच्या तापमानाला १६ तास ठेवलं. १६ तासांनी एकही जंतू वाढवून काढता आला नाही, काचेच्या भांड्यातले मात्र तसेच होते. मग त्या पाण्यात तांबं किती उतरलं तेही मोजलं, ते निघालं लिटरमागं ०.१७७ मिलिग्रॅम. म्हणजे जागतिक मर्यादेच्या साधारण अकरा पट खाली. पाण्याचा पीएच ७.८३ चा ७.९३ झाला, बस एवढंच.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण तांब्याचं पाणी शरीर अल्कलाइन करतं म्हणून जे फिरत असतं त्याचं उत्तर यातच आहे. पीएच एक दशांशानं वाढला आणि ते पाणी तुमच्या जठरात जाणार, जिथला पीएच एक-दोनच्या आसपास असतो. तिथं पोचल्या पोचल्या तो फरक संपतो. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि किडन्या फार काटेकोर राखतात, पाण्यानं तो हलत नाही आणि हलला असता तर माणूस आजारी पडला असता.

तर पुरावा आहे तो जंतू मारण्याचा, आणि तो चांगला आहे, मी तो कमी लेखत नाही. तांब्याचे आयन जंतूच्या पेशीच्या आवरणाला आणि आतल्या प्रथिनांना बिघडवतात, हे अनेक ठिकाणी दिसलंय. पण त्या अभ्यासाच्या अटी लोक वाचतच नाहीत. एक म्हणजे वेळ १६ तास होता. आपण रात्री दहाला भरतो आणि सकाळी सहाला पितो, आठ तासच झाले, तेवढ्यात कुठल्या जंतूचं किती काम होतं ते पाण्याच्या जातीवर आणि थंडीवर अवलंबून आहे, पूर्ण मेले असं धरता येत नाही. दुसरं म्हणजे पाणी स्वच्छ होतं. चंदीगड आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास तांब्याच्या भांड्यांवर जे काम केलं त्यात दिसलं की पाण्यात सेंद्रिय घाण, कुजलेल्या पालापाचोळ्यातनं येणारी द्रव्यं असली की ती तांब्याला धरून ठेवतात आणि जंतू मरायचं प्रमाण घटतं. म्हणजे गढूळ पाण्यात तांब्यावर भरवसा ठेवता येत नाही. २०१९ च्या पुरात सांगलीत नळाला गढूळ पाणी आलं, विहिरीत पूर घुसला, तशा वेळी उकळणं हेच खरं, तांब्याची कळशी भरून ठेवणं हा त्याला पर्याय नाही. आणि फ्लोराइड, नायट्रेट, क्षार, फवारणीची औषधं यातलं काहीही तांबं काढत नाही, जतकडच्या बोअरचं खारं पाणी तांब्यात ठेवलं तरी खारंच राहणार.

तुमच्या घरात तर आरओ आहे, म्हणजे जंतू आधीच निघालेत. ग्रामपंचायतीचं टीसीएल टाकलेलं पाणी असेल तरी तेच, जंतू क्लोरीननं मेलेले आहेत. मग तांब्यात ठेवून जंतूंच्या बाबतीत मिळायचा तो फायदा तुम्हाला जवळजवळ मिळतच नाही, कारण मारायला कुणी उरलेलं नाही. (टाकी-पिंप अस्वच्छ असेल आणि नंतर जंतू शिरले असतील तर थोडा उपयोग, पण मग टाकीच धुवा की.) उलट आरओच्या पाण्याची एक अडचण आहे. आरओ पाण्यातले कॅल्शियम, बायकार्बोनेट काढून टाकतं, त्यामुळं पाण्यात आम्ल झेलायची ताकद राहत नाही आणि पीएचही बऱ्याचदा खाली येतो. असं मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी धातूला जास्त खातं. तांब्याच्या नळांवर जगभर जे काम झालंय त्यातनं हेच दिसतं, मऊ, कमी पीएचचं आणि रात्रभर थांबून राहिलेलं पाणी असेल तर तांबं जास्त उतरतं. म्हणून वर सांगितलेला ०.१७७ चा आकडा हा पीएच ७.८ च्या पाण्याचा आहे, तो जसाच्या तसा तुमच्या आरओच्या पाण्याला लावू नका. साध्या नळाच्या पाण्याला मात्र तो बऱ्यापैकी अंदाज देतो.

अजून दोन-तीन गोष्टींनी आकडा बदलतो, भांडं वापरणाऱ्याला त्या ठाऊक असाव्यात. भांडं जितकं लहान तितकं प्रत्येक लिटरमागं तांब्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणजे मोठ्या हंड्यातल्या पाण्यापेक्षा बाटलीतल्या पाण्यात जास्त उतरतं. ठेवायचा वेळ जितका लांबला तितकं जास्त, म्हणून दोन-तीन दिवसांचं शिळं पाणी वापरू नये. आणि भांडं नवं कोरं किंवा नुकतंच लिंबानं घासून लख्ख केलेलं असेल तर उघडा धातू समोर येतो आणि पहिल्या काही वेळा जास्त उतरतं, नंतर आत ऑक्साइडचा तपकिरी थर बसला की कमी होतं. त्यामुळं आतून रोज लिंबू-मीठ घासून आरशासारखं करायची गरज नाही. आठवड्या-पंधरवड्यातनं एकदा घासा आणि घासल्यावर दोन-तीन पाण्यानं नीट खळखळून काढा, कारण चिंच किंवा लिंबू आत राहिलं तर पुढच्या पाण्याला परत तोच त्रास. आतला तपकिरी, काळसर थर चालतो, पण कडांना किंवा बुडाला हिरवी-निळी पावडर दिसली तर तो तांब्याचा गंज आहे, तो घासून काढल्याशिवाय त्यात पाणी भरू नका. आणि नवं भांडं आणलं असेल तर आतून लाख किंवा पारदर्शक लेप मारलाय का बघा, तसा असेल तर पाण्याला तांबं लागतच नाही, सगळाच खेळ संपला.

आता तुमच्या घरातलं गणित करू, हेच तुम्हाला हवं होतं. लिंबू न टाकता, नळाचं साधं पाणी तांब्यात ठेवलं आणि लिटरमागं ०.१८ मिलिग्रॅम उतरलं असं धरू. तुम्ही सकाळी तीन ग्लास म्हणजे पाऊण लिटर प्यालात तर पोटात गेलं ०.१३ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज अमेरिकी शिफारशीप्रमाणं ०.९ मिलिग्रॅम आहे, म्हणजे गरजेचा सातवा भाग. मुलानं अर्धा ग्लास, सव्वाशे मिलि घेतलं तर ०.०२२, त्याची गरज ०.४४ आहे. दोघांनाही काडीचा धोका नाही. वरची मर्यादा बघायची तर मोठ्यांना अमेरिकेत रोज १० मिलिग्रॅम आणि युरोपात ५ धरतात, अन्न आणि पाणी मिळून, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाला अमेरिकेत ३. सगळं अन्न धरून साधारण माणसाला एक-दोन मिलिग्रॅम मिळतं, त्यामुळं साध्या पाण्यानं ही मर्यादा गाठायची वेळच येत नाही. आता लिंबाच्या पाण्याचं उलट गणित बघा. समजा त्यातनं लिटरमागं पाच मिलिग्रॅम उतरलं, तर तुमच्या पाऊण लिटरमध्ये झालं पावणेचार, आणि मुलानं एक ग्लास जरी घेतलं तरी सव्वा मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी, एका दमात. तुमच्या जगमधनं पाचच उतरतंय असं माझं म्हणणं नाही, मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, पण चिलीतल्या बायकांना मळमळ झाली ती अशाच प्रमाणाला.

इथंच दुसरा प्रश्न येतो की, तांबं अंगाला लागतं ना, मग कमी पडत असेल तर? तांबं लागतं हे खरं आहे. लोखंड रक्तात वाहून नेणाऱ्या यंत्रणेला, केसा-कातडीच्या रंगाला, हाडं-शिरांच्या बळकटीला लागणाऱ्या काही एन्झाइम्समध्ये तांबं असतं. पण एखादी गोष्ट शरीराला लागते म्हणून ती जास्त घेतली की जास्त फायदा होतो असं नसतं, आणि तांब्याच्या पाण्याबद्दलचे बरेचसे दावे एवढ्या एकाच उडीवर उभे आहेत. मेलॅनिनला तांबं लागतं म्हणून केस काळे होतील, कोलॅजनला लागतं म्हणून सुरकुत्या जातील, असं. ज्याच्यात कमतरता नाही त्याला जास्तीचं तांबं शरीर पित्तावाटे बाहेर टाकतं. आणि आपल्या जेवणात तांबं भरपूर आहे, शंभर ग्रॅम तिळात चार मिलिग्रॅमच्या आसपास, शेंगदाण्यात एकच्या पुढं. संक्रांतीच्या दोन तिळाच्या लाडवांत, शेंगदाण्याच्या चटणीच्या चार चमच्यांत जेवढं मिळतं ते तुमच्या तीन ग्लास पाण्यापेक्षा जास्त असतं. खरी कमतरता दिसते ती पोटाचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्यांत किंवा झिंकच्या गोळ्या महिनोन्महिने जास्त डोसनं घेणाऱ्यांत, कारण झिंक तांबं शोषू देत नाही, आणि तिथं उपाय डॉक्टरांच्या देखरेखीखालचाच असतो.

थायरॉईड, वजन, सांधे यांच्यावर तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यानं फरक पडतो हे दाखवणारी माणसांवरची नीट केलेली चाचणी माझ्या वाचनात आलेली नाही. सासूबाईंना फरक वाटतोय तो खोटा आहे असं मी म्हणत नाही, सकाळी उठल्यावर दोन-तीन ग्लास कोमट किंवा साधं पाणी प्यायलं की आतडं हलतं, पोट साफ होतं, नाश्त्याला थोडं कमी खाल्लं जातं, आणि हा फायदा स्टीलच्या भांड्यातल्या पाण्यानंही तेवढाच मिळतो. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती मात्र रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तांब्याचं पाणी पितो म्हणून गोळी कमी-जास्त करायची नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. असं करणारी माणसं मला भेटलीत, मला याची काळजी तांब्याच्या मात्रेपेक्षा जास्त वाटते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे, कारण ती आपल्याच भागातली आहे. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकापर्यंत लहान मुलांना, साधारण सहा महिने ते तीन-चार वर्षांच्या, यकृताचा एक भयंकर रोग व्हायचा, इंडियन चाइल्डहूड सिर्‍होसिस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या इंग्लंडच्या डॉक्टरांनी पाहिलं की या पोरांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलंय, आणि खोदून विचारल्यावर कळलं की बाळांना वरचं दूध पितळेच्या भांड्यात तापवून किंवा ठेवून दिलं जायचं. त्यांचा लेख १९८३ साली लॅन्सेटमध्ये आला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसीन तांब्याला घट्ट धरतं, त्यामुळं दुधात तांबं खूप उतरून राहतं, आणि तान्ह्या बाळाचं यकृत ते पित्तातनं बाहेर टाकायला पुरतं तयार झालेलं नसतं. सगळ्याच बाळांना तो रोग झाला नाही, म्हणजे काही घराण्यांत आनुवंशिक कमजोरीही असणार असं मानतात. घराघरांत स्टील आलं, लोकांना सांगितलं गेलं आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियाच्या टायरॉलमध्येही तसंच घडलं, तिथंही तांब्याच्या भांड्यात दूध करायचे, आणि तिथंही भांडी बदलल्यावर रोग थांबला.

याचा आजच्या आपल्या घराशी संबंध एवढाच की तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात दूध, ताक, दही, फळांचा रस, लिंबू-मध, कोकम, सोलकढी, खारवलेलं काहीही ठेवायचं नाही, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या दुधाला किंवा पाण्याला तांब्याचं भांडं वापरायचंच नाही. तुमच्या मुलाचं चार वर्षांचं वय आहे, त्यानं कधीमधी साध्या पाण्याचा अर्धा ग्लास घेतला तर काही होत नाही, पण त्याला रोज मुद्दाम देण्यात काही फायदाही नाही. मी माझ्या घरी देत नाही. आणि घरात कुणाला विल्सन नावाचा यकृताचा आनुवंशिक आजार असेल, तो साधारण तीस हजारांत एकाला असतो, त्यांच्यात तांबं बाहेर टाकणारी यंत्रणाच बिघडलेली असते, त्यांनी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पूर्ण बंद ठेवायचं. घरात कुणी तरुण वयात यकृताच्या अशा आजारानं गेलं असेल, तर भावंडांचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

शेवटी मोजून बघायचं असेल तर, कारण मोजल्यावर तुमचा आणि सासूबाईंचा वादही थांबेल. दोन प्लास्टिकच्या स्वच्छ बाटल्या घ्या, पाण्यानं तीनदा खळखळून. एकीत रात्री नळाचं किंवा आरओचं पाणी सरळ भरा, तेच पाणी जगमध्ये लिंबाशिवाय भरून झाकून ठेवा. सकाळी जगमधलं पाणी आधी हलवून दुसऱ्या बाटलीत भरा, जगला कशानं घासलं आणि किती तास ठेवलं हे कागदावर लिहा. सांगली-साताऱ्यात पाणी तपासणाऱ्या लॅब आहेत, त्यांना फक्त तांबं मोजा असं सांगा, नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत ते बऱ्याचदा धरलेलं नसतं. त्या दिवशीच पाणी दिलं तर बरं, नाहीतर लॅबवाल्याला बाटलीत आम्ल घालून द्यायला सांगा, नाहीतर तांबं बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि आकडा कमी येतो. मग लिंबू टाकलेल्या रात्रीचंही तिसरं सॅम्पल काढा, एकदाच, प्यायला नाही, बघायला.

रिपोर्ट हातात आला की एक गोष्ट बघून घाबरू नका. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये तांब्याची इष्ट मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिलेली असते, आणि तुमच्या साध्या पाण्याचा आकडा ०.१८ आला तर लॅबच्या कागदावर तो लाल किंवा जाडसर अक्षरात येईल. फोन करून रडणारी माणसं मला भेटलीत. ती ०.०५ ची मर्यादा मुख्यतः चव, भांड्यांवर पडणारे डाग आणि नळ गंजण्याच्या दृष्टीनं ठेवलेली आहे, दुसरा पर्याय नसताना १.५ पर्यंत चालतं असंही त्याच मानकात लिहिलंय. त्यामुळं ०.५ च्या खाली आला तर भांडं आरामात वापरत राहा. ०.५ ते १.५ मध्ये आला तर पाणी चार-पाच तासच ठेवा, आतनं लख्ख घासणं थांबवा आणि आरओच्या ऐवजी नळाचं उकळून गार केलेलं पाणी भरून परत मोजा, बहुतेक वेळा आकडा खाली येतो. १.५ च्या वर आला तर त्या जगमध्ये त्या पाण्याचं काम नाही, भांडं देवघरात पूजेच्या पाण्याला वापरा आणि प्यायला स्टील किंवा माठ घ्या.